पाच वर्षांची व्हिस्की आणि देवदूतांचा वाटा

"गोव्याची व्हिस्की जेमतेम पाच वर्षांची. तिच्यासाठी बारा वर्षांच्या स्कॉचचे पैसे का मोजायचे?"

लग्नात विचारतात, ट्रेनमध्ये विचारतात. दक्षिण गोव्यातल्या पिंपांच्या गोदामात माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून एकदाच नीट सांगतो.

आधी पैशांचं. ओकचं पिंप श्वास घेतं, दरवर्षी थोडी दारू लाकडातून हवेत जाते. तो देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के, आमच्याकडे आठाच्या आसपास. 200 लिटरच्या पिंपात तिकडे बारा वर्षांनी 157 लिटर उरते, इकडे पाच वर्षांतच 132. म्हणजे तुम्ही उडून गेलेल्या दारूचेही पैसे देता. हे मला कधीच अन्यायाचं वाटलं नाही. बाटलीवरचा वर्षांचा आकडा मात्र वाटायचा.

कारण मीच वर्षानुवर्षं सांगत आलो, "आमचं एक वर्ष म्हणजे तुमची तीन." उष्णतेने दारू फुगून लाकडात खोल शिरते, गारव्यात मागे येते, येताना व्हॅनिलाचा वास, रंग, तुरटपणा घेऊन येते. हे खरंच आहे. त्यावरून मी ताडलं की नऊ वर्षं ठेवली तर सत्तावीस वर्षांची होईल! वरिष्ठ नको म्हणत होते. मी हट्टाने एक पिंप राखून घेतलं, तेही पत्र्याखालच्या सगळ्यात वरच्या रांगेत, कारण तिथे ऊन जास्त.

नवव्या वर्षी बूच काढलं. हिशेबाने 94 लिटर हवी होती. मोजपट्टी घातली, निघाली 71. आधी वाटलं, गळती. फळ्यांच्या सांध्यांवर हात फिरवला. गळती असती तर चिकट काळा ओघळ सापडला असता. सगळं कोरडं होतं. सगळी हवेत गेली होती. उरलेली ग्लासात ओतली, तर रंग काढ्यासारखा आणि चव सुपारी चघळल्यासारखी. वरिष्ठ एक घोट घेऊन काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा कळलं, लाकडातून उतरणं झपाट्याने होतं, पण कच्च्या दारूचा उग्रपणा हवेशी सावकाश मुरत जाऊन मोडतो, आणि त्याला उन्हाची घाई सारखी मानवत नाही. दोन कामं दोन वेगांनी चालतात. पाचाच्या आसपास ती जुळतात, मग लाकूड पुढे पळतं. पावसाळ्यात आणखी एक गोम. हवा आधीच ओली, म्हणून पाणी बाहेर पडायला नाखूष, मद्यार्क मात्र सहज निसटतो. कोरड्या हवेत पाणीच जास्त उडतं आणि कडकपणा वाढतो. म्हणजे नुसतं ऊन मोजून भागत नाही.

मग पाच वर्षांची आमची बारा वर्षांच्या स्कॉचएवढी मुरलेली असते का? लाकडापुरती, हो. बाकीचं मलाही दर घोटाला वेगळं वाटतं. त्या पिंपातली एक बाटली मी अजून ठेवलीय. फेकायचा धीर होत नाही, आणि पाहुण्यांना द्यायचाही.