पाचपैकी चार मोटरी आजारी, आणि पाचवी खरी आजारी

पाणीपुरवठ्याच्या एका पंपहाऊसचं काम होतं, धरणाच्या काठावर, पाच व्हर्टिकल पंप, पाचही मोटरी ३.३ केव्हीच्या, चार पोलच्या, एकसारख्या. मी कंडिशन मॉनिटरिंगमधे आहे. म्हणजे मोटर न उघडता आत काय चाललंय ते सांगायचं. लोकांना वाटतं आम्ही मोटरीला कान लावतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस पॅनलपुढे उकिडवं बसून सीटीच्या, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, सेकंडरी वायरीला क्लिप-ऑन लावण्यात जातो, आणि ती वायर चुकूनही सुटू नये याची काळजी घेण्यात, कारण लोडवर सीटीची सेकंडरी ओपन झाली तर तिथे जे व्होल्टेज येतं ते माणसाला मारू शकतं.

मला बोलावलं होतं दुसऱ्या एका एजन्सीच्या रिपोर्टवर मत द्यायला. रिपोर्ट असा: पंप १, २, ३ आणि ५ च्या मोटरींचे रोटर बार, म्हणजे फिरत्या भागातल्या करंट वाहणाऱ्या दांड्या, तुटलेले, 'सीव्हियर', ताबडतोब उतरवा, पंप ४ 'मॉनिटर'. चार रोटर बाहेर काढायचे म्हणजे शहराला किती दिवस एक दिवसाआड पाणी, याचा हिशोब साहेबांनी आधीच लावून ठेवला होता आणि चेहऱ्यावर तो दिसत होता. पण मला खटकला पंप ५. तिथला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पाचची मोटर तर नवीकोरी हाये, यंदाच बसवली." नव्या मोटरीचे बार तुटू शकतात, नाही असं नाही. पण पाचपैकी चार एकाच वेळी, आणि त्यात नवीन?

आता रोटर बार करंटमधे दिसतो कसा ते सांगते. बार तुटला की स्टेटरच्या करंटमधे सप्लायच्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना छोट्या साइडबँड उगवतात, स्लिपच्या दुप्पट अंतरावर. इथे मोटरी १४८८ आरपीएमच्या आसपास फिरत होत्या, फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या १५०० पेक्षा १२ ने मागे, म्हणजे स्लिप ०.८ टक्के, म्हणजे ५० च्या अलीकडे-पलीकडे ०.८ हर्ट्झवर, ४९.२ आणि ५०.८ ला बघायचं. साइडबँड मुख्य करंटपेक्षा किती डीबी खाली आहे ते मोजायचं. साधारण ५५-६० च्या खाली असेल तर निर्धास्त, ४५ च्या वर आली की संशय. ४३ डीबी खाली म्हणजे मुख्य करंटच्या जेमतेम एकशेचाळिसावा भाग. एवढी बारीक गोष्ट एवढ्या मोठ्या गोष्टीच्या शेजारी, एक हर्ट्झच्याही आत शोधायची असते, सगळी गंमत (आणि सगळा घोळ) तिथेच आहे.

रिपोर्टमधले आकडे: -२६, -२४, -३०, -२६. आणि पंप ४ चा -४३. उणे चोवीस! एवढी साइडबँड खरी असती तर बरेच बार गेलेले असते, अँपमीटरचा काटा झुलत राहिला असता. काटा जागचा हलत नव्हता. हे त्या रिपोर्टवाल्यांनी पॅनलकडे मान वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं, पण हल्ली लॅपटॉपच्या बाहेर बघायची सवयच गेलीये लोकांची.

त्यांच्याकडून रॉ वेव्हफॉर्म मागितला. तीन फोन झाले, मग "तो क्लायंटला देत नाही", मग साहेबांनी स्वतः फोन केल्यावर फायली आल्या. ५००० हर्ट्झ सॅम्पलिंग, बरोब्बर १० सेकंद, ५०,००० सॅम्पल. आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे विंडो: 'युनिफॉर्म'. म्हणजे विंडोच नाही. मी तिथेच हसले आणि साहेबांना वाटलं मी त्यांच्यावर हसले.

एफएफटी म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढून दाखवणारी गणिताची रीत. तिला तुम्ही जो तुकडा देता तो अनंत वेळा पुढे-मागे जोडलेला आहे असं ती धरून चालते. साडीला काठ जोडताना नक्षी जिथे पुरी होते तिथे न कापता मधेच कापली तर जोडावर वेल तुटते, तसं. दहा सेकंदांत करंटची पूर्ण सायकल बसली तर जोड कळत नाही. अर्धी सायकल उरली तर जोडावर उडी येते किंवा टोक येतं, आणि ती उडी प्रत्यक्षात करंटमधे नसते, आपण कापल्यामुळे आलेली असते, पण एफएफटी ती प्रामाणिकपणे दाखवते: ५० हर्ट्झची ताकद आजूबाजूच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींमधे सांडते. हेच लीकेज. दहा सेकंदांचा तुकडा म्हणजे स्पेक्ट्रममधला एकेक घर, बिन, ०.१ हर्ट्झचा. ग्रिड ५०.०० असेल तर ५०० सायकल, छान. पण आपली ग्रिड ५०.०० ला बसलेली नसते, ४९.९० ते ५०.०५ हा नियमातला पट्टा आहे आणि ती त्यात सतत हिंडते. ४९.९५ ला दहा सेकंदांत ४९९.५ सायकल होतात. म्हणजे नेमकी अर्धी जास्तीची, सगळ्यात वाईट केस.

सांडतं किती, ते विंडो नसताना अगदी सोप्या भागाकारात येतं. खरी फ्रिक्वेन्सी जवळच्या बिनपासून जितका अंश सरकलेली, त्याला आपण किती बिन दूर बघतोय त्याने भागायचं. आपण बघतोय ०.८ हर्ट्झ दूर, म्हणजे ८ बिन. अर्धा भागिले आठ, म्हणजे सोळावा भाग, म्हणजे -२४ डीबी. रिपोर्टमधला पंप २! मग मी प्रत्येक फाइलमधे झीरो क्रॉसिंग मोजून त्या वेळची ग्रिड फ्रिक्वेन्सी काढली. पंप २ ला ४९.९५. पंप १ ला ४९.९६, सरकलेला अंश ०.४, भागिले आठ, -२६. पंप ३ ला ४९.९७५, पाव भागिले आठ, -३०. पंप ५ ला ५०.०४, परत -२६. रिपोर्टमधला एकूण एक आकडा मोटर न बघता काढता येत होता. त्यांनी चार मोटरींचे रोटर मोजलेच नव्हते, चार वेळा ग्रिडची फ्रिक्वेन्सी मोजली होती, आणि त्याची फी घेतली होती.

आणि पंप ४? त्याचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा ग्रिड योगायोगाने ५०.०० ला होती. पूर्ण ५०० सायकल. सांडायला काही नाही. त्यामुळे तिथे जे -४३ दिसत होतं ते खरं होतं.

हे साहेबांना पटवायला दोन गोष्टी केल्या. पहिली, पंप २ च्या फाइलच्या शेवटची ५० सॅम्पल कापली. ५०,००० मधली पन्नास, दहा मिलिसेकंद, अर्धी सायकल. राहिल्या बरोबर ४९९. स्पेक्ट्रममधला फुगवटा त्यांच्या डोळ्यांसमोर खाली बसला. "म्हणजे दहा मिलिसेकंदात रोटर दुरुस्त झाला?" साहेब म्हणाले. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असावा, कारण चहा आला.

पण हा कापाकापीचा उपाय रोज चालत नाही, ग्रिड रेकॉर्डिंगच्या मधेच सरकते आणि साइडबँडची सायकल काही ५० च्या हिशोबात पुरी होत नाही. म्हणून दुसरी गोष्ट, विंडो. सिग्नल दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर आणायचा म्हणजे जोडावर उडी राहतच नाही.

```python
w = np.hanning(len(x))
X = np.abs(np.fft.rfft((x - x.mean()) * w))
db = 20 * np.log10(X / X.max())
```

हॅन विंडो लावली की त्याच ४९.९५ च्या फाइलमधे आठ बिनांवरचं सांडणं -२४ वरून -६२ च्या आसपास जातं. किंमत मोजावी लागते: मुख्य शिखर दोन्ही बाजूंना दोन-दोन बिन रुंद होतं. आपली साइडबँड आठ बिन दूर, त्यामुळे इथे परवडतं. चार मोटरी साफ, सगळ्या ५८ च्या खाली. पंप ४ मात्र -४२, दोन्ही बाजूंना टोकदार शिखरं. लीकेज ओळखायची खूणही हीच, ते उतरत्या पाठीसारखं गुळगुळीत असतं, त्याला स्वतःचं टोक नसतं, आणि रेकॉर्डची लांबी थोडी बदलली की आकडा पळतो. खरी साइडबँड जागची हलत नाही.

एजन्सीच्या सीनियरना फोन लावला तर ते म्हणाले, "मग फ्लॅटटॉप लावू, त्यात अँप्लिट्यूड अचूक येतं." खरंय, येतं, कॅलिब्रेशनला मीही तीच लावते. पण फ्लॅटटॉप विंडोचं शिखर दोन्ही बाजूंना पाचेक बिन, म्हणजे अर्धा हर्ट्झ पसरतं, साइडबँडचंही तेवढंच, आणि दोघांत अंतर ०.८. पायथे एकमेकांत घुसतात. हॅनमधे फार तर दीड-एक डीबीची चूक येईल, आणि मला -४२ की -६० एवढंच ठरवायचंय, त्यात दीड डीबीने काय होणार? अचूक आकडा हवा म्हणून शेजारचं दिसेनासं करणं हा काय सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ४० सेकंदांची रेकॉर्डिंग घेतली. बिन ०.०२५ हर्ट्झ, साइडबँड ३२ बिन दूर. लोड कमी असता, स्लिप ०.३ टक्क्यांवर आली असती, तर दहा सेकंदांत साइडबँड फक्त तीन बिन दूर पडली असती आणि हॅनच्याच शिखराखाली गाडली गेली असती, तिथे विंडो बदलून फार हाती लागत नाही, रेकॉर्डच लांबवावा लागतो. फार लांबवला तर ग्रिड तेवढ्यात हलते आणि ५० चं शिखर आपोआप पसरतं, त्याला कुठलीच विंडो औषध नाही. पाण्याच्या पंपाचं बरं असतं, लोड तासन्‌तास स्थिर, म्हणून चाळीस सेकंद चालून गेले.

पंप ४ उतरवला. एका बारचं एंड रिंगजवळचं ब्रेझिंग पूर्ण सुटलेलं, शेजारच्या बारला चीर. ज्या मोटरीला रिपोर्टने सगळ्यात कमी आजारी ठरवलं होतं ती.

मला अजून सुचत नाही ते पुढचं आहे. तिथे मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट फाइल केलेले आहेत, सुंदर रंगीत ट्रेंड, पंप १ बिघडला, मग सुधारला, मग परत बिघडला (रोटर बार स्वतःहून सुधारतो हे कोणालाच विचित्र वाटलं नाही). ते सगळे ट्रेंड ग्रिडचे आहेत. पंप ४ ची चीर कधी सुरू झाली ते त्यात असू शकतं किंवा नसूही शकतं, कारण रॉ डेटा कोणी ठेवलेला नाही, फक्त पीडीएफ, आणि पीडीएफमधून विंडो लावता येत नाही. साहेबांनी पुढच्या टेंडरमधे दोन ओळी घातल्या, वेव्हफॉर्म फाइल जमा करणे आणि विंडोचा प्रकार रिपोर्टवर छापणे बंधनकारक. अकाउंट्समधून शेरा आलाय: विंडो हे सिव्हिलचं काम आहे, इलेक्ट्रिकलच्या टेंडरमधे का?