कडी कोणाच्या हातात

"सर, त्या लेखिकेने खरंच एवढा विचार करून दारं-खिडक्या लिहिल्या असतील, की अर्थ तुम्हीच कोंबता?"

टीवायची मुलं विचारतात, वाशीच्या वाचनगटात विचारतात, नौपाड्यात भाजी घेताना जुना विद्यार्थी भेटला तरी हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. एमिली ब्राँटेच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि त्यावाचून माझं अडतही नाही. 1847 साली छापलेल्या 'वुदरिंग हाइट्स'च्या पानावर जे आहे तेवढंच मी बघतो. दार, फाटक, खिडकी, किल्ली आली की समासात लिहायचं: आत कोण, बाहेर कोण, कडी कोणाच्या हातात. बरीचशी दारं नुसती दारंच निघतात. यॉर्कशरच्या माळावरच्या वाऱ्यात माणसं दार लावून घेणारच! ती सोडून द्यायची. जिथे गोष्ट वाट अडवून कडीकडे बघायला लावते, ती ठेवायची.

आता सहावं प्रकरण घ्या. हाइट्स या माळावरच्या घरात वाढलेला अनाथ हीथक्लिफ आणि त्या घरची मुलगी कॅथरीन शेजारच्या श्रीमंतांच्या ग्रेंज या वाड्याच्या खिडकीतून आत डोकावतात तेव्हा दोघंही बाहेर असतात. कुत्रा तिला चावतो, तिला आत घेऊन सोफ्यावर बसवतात, त्याला हाकलून देतात. तो पुन्हा त्याच काचेशी येऊन बघत राहतो. खिडकी तीच, पण आता काचेच्या दोन बाजूंना दोघं. जातीचं, पैशाचं जे काही पुढे घडणार आहे, ते कुणी बोलून न दाखवता इथे घडून गेलेलं असतं. हे मी कोंबलेलं नाही.

पूर्वी मी यापुढे फार सफाईने बोलत असे. सुरुवातीला हाइट्सवर आलेल्या पाहुण्या लॉकवुडला सगळं बंद मिळतं, फाटकापासून. आणि बत्तिसाव्या प्रकरणात तो परततो तेव्हा फाटक हात लावताच उघडतं. बंद घर उघडत जातं, हीच कादंबरी. मुलांना लिहून घ्यायला सोपं.

वाशीच्या गटात एकदा हेच मांडत होतो. सत्ताविसावं प्रकरण आलं. हीथक्लिफ कॅथरीनच्या मुलीला, धाकट्या कॅथीला, घरात कोंडतो, किल्लीसाठी ती त्याच्या हाताला चावते, तो तिला मारतो. मी म्हणालो, किल्ली हे सत्तेचं प्रतीक. मागे बसणाऱ्या एक बाई, एरवी कधी न बोलणाऱ्या, म्हणाल्या, "सर, बाहेरून कडी लागली की ती प्रतीक नसते." सगळे गप्प. मग त्यांनीच विचारलं, "ती सुटते कुठून?"

पुढच्या प्रकरणात आहे: हीथक्लिफने बळजबरीने लग्न लावून दिलेल्या नवऱ्याला किल्ली आणायला लावून ती खोलीबाहेर पडते, कुत्रे भुंकतील म्हणून दाराने जात नाही, आईच्या खोलीच्या खिडकीतून झाडावरून उतरते.

"आणि त्या पाहुण्याला भुताचा हात दिसतो, ती खोली?"

तीच. आईचीच.

"तिथे खिडकीची कडी झाळून पक्की केलेली आहे ना? मग ती कधी झाळली?"

मी पुस्तक चाळत राहिलो. तिसऱ्या प्रकरणात लॉकवुडला ती कडी झाळलेली दिसते, म्हणून तो काच फोडतो. आपण ते आधी वाचतो, पण कथेच्या काळात कॅथीचं पळणं त्याच्या काही महिने आधीचं. कडी कोणी झाळली, कधी, हे कादंबरी सांगत नाही. बाई म्हणाल्या, "मी सांगते. सुटल्यावर. मी गॅलरीतून शेजारणीला हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी ग्रिलला कुलूप." आणि पाण्याची बाटली उचलून त्या निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

कोणी म्हणेल, हा पुरावा नव्हे. नाहीच. मजकुरात आधार नाही, आणि परीक्षेत कोणी लिहिलं तर मी तसा शेराही मारीन. पण त्या दिवसापासून कॅथरीनच्या भुताची "आत घ्या" ही हाक मला एकटी ऐकू येत नाही. आईला जिथून आत यायचंय, तिथूनच मुलगी बाहेर पडली आहे. दोघींच्या मध्ये एक झाळलेली कडी. प्रतीक म्हणा, नका म्हणू. आधी ती लोखंडाची आहे म्हणूनच तिच्यावर एवढा भार पेलतो.

आणि माझी ती सफाईची रेघही टिकत नाही. हीथक्लिफ मेलेला सापडतो तेव्हा खिडकी उघडी, पाऊस आत, फडफडत्या तावदानाने त्याचा हात खरचटलेला, रक्त मात्र नाही. आणि घर सांभाळणारी, ही गोष्ट सांगणारी नेली काय करते? खिडकी लावून घेते. पहिला नवरा वारलेली कॅथी मामेभावाशी, हेअर्टनशी, लग्न करून त्याच्यासह ग्रेंजला जाणार, हाइट्सवर म्हातारा नोकर जोसेफ स्वयंपाकघरात राहणार, बाकीचं घर बंद करणार. मग उघडलं काय? मुलं वाद घालतात, मीही घालतो. कधी त्यांच्या बाजूने, कधी उलट. तेवढं मात्र पुस्तक उघडून घाला. "कोंबता" म्हणण्याआधी नेलीचा हात कुठे आहे ते बघा.