गेटवरची झडती आणि न दिलेली सही : माझा अनुभव

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी तपासणीला आहे. 2024 च्या दिवाळीआधी आमच्या लाइनवरचा जाडी मोजायचा डिजिटल मायक्रोमीटर सापडेनासा झाला. वस्तू मुठीत मावणारी, किंमत नऊ हजारांच्या घरात. साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा गेटवर आम्हा सात जणींना बाजूला काढलं.

बॅग मी लगेच उघडून दिली. डबा, छत्री, पाकीट, सगळं टेबलावर ठेवलं. मग सिक्युरिटीची बाई म्हणाली, "आतल्या खोलीत चला, युनिफॉर्म उतरवावा लागेल." माझ्या आधी एक ट्रेनी मुलगी आत जाऊन आली होती. ती मान खाली घालून दुपट्टा पिना लावून बसवत होती. तिच्याकडे बघून मी ठरवलं, आपण आत जायचं नाही.

"बॅग बघा, खिसे मी स्वतः उलटे करते, वरून चाचपायचं तर तुम्ही चाचपा. कपडे काढणार नाही. एवढा संशय असेल तर 112 ला फोन लावून पोलीस बोलवा," असं मी सांगितलं. पोलीस कोणी बोलावले नाहीत. माझा मोबाइल काढून घेतला आणि मला केबिनमध्ये बसवलं. सुपरवायझर कागद घेऊन आला. "चूक झाली असं लिहून द्या ताई, घरी जा. बाहेर काही जाणार नाही."

त्या कागदावर सही केली असती तर पुढचं सगळं तिथेच संपलं असतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. गार्ड किंवा मॅनेजरला लिहून दिलेल्या कागदाला मात्र तशी सरसकट बंदी नाही. दबावाखाली लिहून घेतला हे मग आपणच दाखवत बसायचं, आणि कंपनीच्या खातेचौकशीत तर पहिल्यांदा तोच कागद पुढे येतो. मी सही केली नाही. पाच चाळीसला एचआरच्या मॅडम आल्या, तेव्हा मला सोडलं. दोन तास दहा मिनिटं.

घरी पोचल्यावर आधी सगळं वेळेसकट वहीत उतरवलं. कोण काय बोललं, केबिनचं दार कोणी लावलं, शेजारी कोण होतं. दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी लेखी मागितल्या आणि प्रतीवर पोच घेतली: गेटचं आणि केबिनबाहेरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवणं, झडतीची नोंदवही, आणि आमच्या प्रमाणित स्थायी आदेशांची, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांना लागू असलेल्या मंजूर नियमांची, प्रत. चित्रणाची घाई अशासाठी की रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

स्थायी आदेश वाचले तेव्हा दोन्ही बाजू कळल्या. झडतीला कंपनीला मुभा आहेच. 1946 च्या ज्या कायद्याखाली आमचे आदेश प्रमाणित झाले होते, त्याच्या परिशिष्टातच ठरलेल्या गेटने ये-जा आणि झडती हा विषय होता. त्यामुळे बॅग दाखवायलाच नकार दिला असता तर गैरवर्तनाची कारवाई झाली असती. पण आमच्या आदेशांतल्या झडतीच्या कलमात अटीही होत्या. संशय आकसाने नको, झडती दोन जणांसमोर व्हावी, बाई असेल तर बाईनेच घ्यावी आणि हजर असलेल्याही बायकाच असाव्यात. कपडे उतरवण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या ट्रेनी मुलीच्या वेळी आत एकटी गार्ड होती.

अडवून ठेवण्याची बाब वेगळी आहे. खासगी गार्डला पोलिसांचे अधिकार नाहीत. कोणाही नागरिकाप्रमाणे, त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा माणूस कोर्टाने फरारी जाहीर केलेला असला, तरच तो माणसाला पकडू शकतो. तेव्हाही विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्याला सहा तासांची कमाल मर्यादा घातली आहे. सहा तास बसवून ठेवण्याची ती परवानगी नाही. माझ्या बाबतीत तर कोणी काही पाहिलंच नव्हतं. अशा वेळी दार लावून बसवणं हा न्याय संहितेच्या कलम 127 खाली गैरबंदिवासाचा गुन्हा ठरू शकतो.

चौथ्या दिवशी मलाच कारणे दाखवा नोटीस आली, "झडतीस असहकार". उत्तरात मी एवढंच लिहिलं की बॅग आणि खिसे दाखवले, पोलीस बोलावण्याची मागणी केली, आणि ज्याला नकार दिला ते स्थायी आदेशांत नाही. सोबत संबंधित कलमाची प्रत जोडली. त्याच आठवड्यात मायक्रोमीटर सापडला. तो कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, गेला होता आणि गेज रजिस्टरमध्ये नोंद शेजारच्या लाइनच्या पानावर पडली होती. झडतीआधी ते रजिस्टर कोणी उघडलंच नव्हतं.

नोटीस मागे घेतल्याचं पत्र मी लेखीच मागून घेतलं. आता गेटच्या वहीत संशयाचं कारण आणि दोन साक्षीदारांच्या सह्या यांचे रकाने आहेत. त्या ट्रेनी मुलीचं नाव न घालता तिच्या झडतीबद्दलही मी तक्रारीत लिहिलं होतं. त्यावर उत्तर आलेलं नाही, आणि ती पुढच्या पगारानंतर कामावर आली नाही.