दोन इंचांचा पट्टा

आमच्या धंद्यात ओव्हनच्या जाळीचे चटके मोजत नाहीत. हाताच्या आतल्या बाजूला आडवे, एकाखाली एक असे माझे नऊ जुने पट्टे आहेत आणि नव्या पोरांना ते दाखवताना मला बरं वाटायचं. दहावा बसला शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास. खालच्या खणातला ट्रे ओढताना वरच्या जाळीची कड कोपराच्या जरा खाली टेकली. दोन इंच लांब, बोटाएवढा रुंद. नळाखाली हात धरला तो जेमतेम दहा सेकंद, कारण समोर ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची रांग लागली होती. हेल्परने कुठूनशी टूथपेस्ट आणली, ती चोपडली, वर बाही ओढली आणि कामाला लागलो.

भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं असतं, हे माहीत होतं. भिंतीवर तक्ताच लावलाय. पण तो लावणाऱ्याने गर्दीच्या वेळी वीस मिनिटं नळ अडवून दाखवावा! मला माहीत नव्हतं ते एवढंच, की तीन तासांच्या आत पाणी घेतलं तरी उपयोग होतो. साडेअकराला किचन थंडावलं तेव्हा मी बाहेर चहा पीत उभा होतो. नळ रिकामाच होता.

शनिवारी फोड आला, पाण्याने टच्च भरलेला. तो फुटला नसता तर खालच्या कच्च्या कातडीवर आयतं झाकण राहिलं असतं. पण कोटाच्या बाहीची जाड शिवण नेमकी त्यावरच घासत होती. रविवारी दुपारी बाही ओली लागली. मी कापूस ठेवून वर पट्टी आवळून गुंडाळली. कापसाचे तंतू जखमेत चिकटले आणि पट्टी दिवसभर घामाने भिजत राहिली. सोमवारी भाजल्याची आग कमी झाली, मला वाटलं बरं होतंय.

मंगळवारी पहाटे ठणक्याने जाग आली. भाजल्याची आग वेगळी, ती कातडीवर असते. हा ठणका आतून, नाडीच्या ठोक्याबरोबर येत होता. हात खाटेखाली लोंबला की वाढायचा, उशीवर उंच ठेवला की थोडा उतरायचा. घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. तरीही कामावर गेलो. संध्याकाळी चिमट्यात पॅन धरला आणि बोटं मिटेनात. पॅन सुटला, सुदैवाने रिकामा होता. शेफनी बाही वर करायला लावली. पट्टी सुटताच जो वास आला, तो किचनमध्ये यायला नको असा होता. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि एप्रन काढायला सांगितला. माणूस तसा तुसडा आहे, पण त्या दिवशी स्वतः गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी आधी सलाइनच्या पाण्याने कापूस भिजवून एकेक तंतू चिमट्याने काढला. खाली पिवळसर पू होता, भोवतीची कातडी लाल, गरम आणि ताणून चकचकीत झालेली. लाली कोपराकडे रेघेसारखी चढतेय का, ते त्यांनी दिव्याखाली पाहिलं. रेघ नव्हती, पण काखेत गाठ दुखत होती. मग बॉलपेनने लालीच्या कडेने हातावर रेषा आखली. म्हणाल्या, "गोळ्यांना दोन दिवस द्या. पण लाली या रेषेच्या बरीच बाहेर गेली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी या." धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे मला आठवेना. तेही टोचलं.

मग त्यांनी विचारलं, "या हाताने चार दिवस काय करत होता?"

मी सांगितलं, प्लेट लावत होतो. ग्लोव्ह्ज मनगटापर्यंत, जखम त्याच्या वर.

त्या लिहायच्या थांबल्या. अशा पुवात बहुतेकदा असतात ते स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू. ते अन्नात पडून वाढले तर विष सोडतात. जंतू उकळून मरतात, पण ते विष उकळूनही जात नाही, काही तासांत उलट्या सुरू होतात. मी मुकाट ऐकत होतो. डोक्यात शिजवण्याचा विचार नव्हताच, कारण प्लेट शिजून झाल्यावरच माझ्या हाताखालून जाते.

लाली पहिल्या रात्री रेषेला टेकली, गुरुवारी आत सरकली. आठ दिवस घरी बसवलं. कोणाची तक्रार आली का, म्हणून मी शेफना दोनदा फोन केला. नाही म्हणाले. पण हॉटेलातला पाहुणा सकाळी बॅग उचलून निघून जातो. वाटेत त्याला उलटी झाली तर तो तक्रार कुणाकडे करणार?