०.४६ म्हणजे नक्की किती? घरच्या ओट्यावर तपासलेली बागेतली माती

खरड छाटणीनंतर मेमध्ये आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत दोन दुखणी एकदम दिसली. जुन्या पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्या होत्या, आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. माती परीक्षणाचा अहवाल हातात होताच: सामू ८.३, क्षारता ०.४६, आणि क्षारतेपुढे शेरा ‘सर्वसाधारण’. सासरे म्हणाले, “माती चांगली आहे म्हणतायत. मग पानं कशानं जळली?” उत्तर माझ्याकडेही नव्हतं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं, तेवढ्या जोरावर सामू मोजायचा पीएच आणि क्षारता मोजायचा ईसी असे दोन पेनमीटर मागवले आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा मातीसाठी ठेवून घेतला.

पद्धत दिसायला सोपी आहे. माती सावलीत वाळवायची, ढेकळं लाकडी दांड्यानं फोडून चाळायची. २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे एकास अडीच. अर्धा तास मधूनमधून ढवळायचं आणि ढवळलेल्या गढूळ पाण्यातच सामू घ्यायचा. मग भांडं न हलवता ठेवायचं, आणि वर नितळ पाणी आलं की त्यात ईसी.

पहिल्या दिवशी माझं सगळं चुकलं. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून घरच्या फिल्टरचं पाणी घेतलं. शंका आली म्हणून मीटर नुसत्या त्या पाण्यात बुडवला, तर मातीविनाच ०.१८! तेव्हापासून मातीच्या भांड्यांशेजारी नुसत्या पाण्याचं एक भांडं ठेवते. त्यात आकडा जवळपास शून्य नसेल तर त्या दिवसाचे आकडे धरत नाही.

दुसरी चूक सापडायला तीन दिवस लागले. एकाच मातीचे दोन नमुने, पण एकाची ईसी कायम जास्त. झालं असं, की एका भांड्यात मी आधी पीएच मीटर बुडवत होते. त्याचं टोक पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवलेलं असतं, म्हणजे सरळ मीठच. ते न धुता बुडवलं की थोडं मीठ भांड्यात उतरतं. आता ईसीसाठी वेगळं भांडं ठेवते. पीएच मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घेते, कारण आपल्या काळ्या मातीचे आकडे या दोहोंच्या मध्येच पडतात. ४ चा बफर इथे फारसा कामाचा नाही. आणि ईसीच्या पडद्यावर µS आहे की mS, ते आधी पाहायचं. ४६० µS म्हणजेच ०.४६ mS.

हात बसल्यावर बागेतून तीन ठिकाणची माती आणली. ड्रीपरखाली वरच्या थरात ०.२८, तिथेच एक ते दोन फूट खोलीवर ०.६२, आणि ओलाव्याच्या कडेला, जिथे पांढरट पापुद्रा दिसतो तिथे ०.७४. ठिबकचं पाणी मीठ आपल्याबरोबर बाहेर आणि खाली ढकलतं, आणि जिथे ओल थांबते तिथे ते साचतं. अहवालासाठी आम्ही या सगळ्या जागांची माती एकत्र कालवून दिली होती. त्यामुळे ०.४६ हा आकडा बागेतल्या कुठल्याच मुळाचा नव्हता.

पण ०.७४ सुद्धा एकच्या आतच होतं, म्हणजे तक्त्याप्रमाणे ‘सर्वसाधारण’. मला उशिरा कळलेली गोष्ट इथे आहे. पिकाला किती क्षार सोसतात याचे जे आकडे छापलेले असतात, ते बहुतेक संपृक्त मातीच्या अर्काचे असतात. म्हणजे माती जेमतेम चिखल होईल इतकंच पाणी घालून त्यातून ओढून काढलेलं पाणी. आपण मोजतो ते त्याहून कितीतरी पातळ. द्राक्षाची मर्यादा १.५ आणि कांद्याची १.२ (एकक डेसीसायमन प्रति मीटर, म्हणजे पडद्यावरचं mS/cm) ही त्या दाट अर्काची आहे. तिच्याशी एकास अडीचचा आकडा भिडवला तर कुठलीही बाग निरोगीच दिसणार.

मग किती पट धरायचं? मी २०० ग्रॅम कोरडी माती घेतली आणि थोडं थोडं पाणी घालत मळली. चिखल चकाकायला लागला, चमच्यावरून आपोआप घसरला, पण वर पाणी साचलं नाही, तिथे थांबले. पाणी लागलं १४० मिली, म्हणजे १०० ग्रॅमला ७०. आमच्या चाचणीत १०० ग्रॅमला २५० मिली असतं. २५० भागिले ७०, साधारण साडेतीन. आता तेच आकडे पुन्हा बघा: ०.२८ चे १.०, ०.६२ चे २.२, ०.७४ चे २.६. अहवालातल्या ०.४६ चे सुद्धा १.६ झाले. जास्त पाण्यात मातीतला थोडा चुना, जिप्सम जादा विरघळतं, म्हणून हा गुणाकार खऱ्यापेक्षा किंचित वर जातो. शिवाय मातीगणिक पट बदलते. हलक्या मातीला चिखल व्हायला पाणी कमी लागतं, तिथे पट जास्त येते.

१.५ च्या पुढे प्रत्येक एककाला द्राक्षाचं उत्पन्न साधारण ९.६ टक्के घटतं. २.२ ला हिशेब सहा-सात टक्क्यांचा होतो. आमची बाग डॉगरीज खुंटावर आहे, तो क्षार जरा जास्त सोसतो, म्हणून या आकड्याला मी वरची मर्यादा मानते. कांद्याचं तसं नाही. १.२ च्या पुढे त्याची घट एककाला १६ टक्के. सासरे बागेशेजारच्या पट्टीत कांदा लावायचं म्हणत होते. तिथे आमच्या चाचणीत ०.५ आले, म्हणजे १.७५. मी म्हटलं, “अण्णा, यंदा तिथं कांदा नको.”

मीठ आलं कुठून? उन्हाळ्यात विहीर आटते आणि बाग बोअरवर जाते. बोअरचं पाणी मोजलं तर १.८. पाण्याचा थोडा भाग मुळांखाली निचरून जात असेल, तरी मातीचा अर्क पाण्याच्या दीडपट खारा होतो असा ठोकताळा आहे. म्हणजे २.७. कडेच्या पापुद्र्याखाली २.६ मिळाले होतेच.

राहिला सामू. दुकानदारानं ‘सामू खाली येईल’ म्हणून जिप्सम गळ्यात मारलं होतं. जिप्सम सोडियमवर चालतं. सोडियमचा जोर असला की सामू बहुधा ८.५ च्या वर जातो आणि भांड्यातला गाळ रात्रभर बसत नाही. आमचा गाळ सकाळपर्यंत बसून वर पाणी नितळ होतं. मातीवर पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकले तर फसफसून फेस आला. म्हणजे हा ८.३ चुनखडीचा. एका एकरात फूटभर खोलीची माती साधारण सोळाशे टन. त्यात पाच टक्के चुना धरला तरी ऐंशी टन, आणि तेवढा मारायला पंचवीस टन गंधक! पन्नास किलोच्या गोणीनं हा सामू हलणार नाही. म्हणून तो तसाच ठेवला, आणि पिवळ्या शेंड्यांसाठी ठिबकमधून ईडीडीएचए चिलेटचं लोह दिलं. चुनखडीत फेरस सल्फेटमधलं लोह पडल्या जागी अडकतं, ईडीटीए चिलेटसुद्धा फार टिकत नाही.

मीठ पावसाच्या पाण्याबरोबर निचरून जावं म्हणून पावसाळ्यात मुद्दाम चर मोकळे ठेवले. गोडी छाटणीआधी त्याच झाडाजवळ, तेवढ्याच खोलीवरून माती काढली. ०.६२ होतं तिथे ०.३३. सामू ८.३ तो ८.३च.