जेएलपीटी एन-५: जानेवारी ते डिसेंबर, रोजचा पाऊण तास

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. मी डिसेंबरची एन-५, म्हणजे तिची सर्वात सोपी पातळी, धरून जानेवारीत सुरुवात केली. वर्ष आखायला गुणांची विभागणीच उपयोगी पडली. एकूण १८० गुणांपैकी ८० मिळाले की उत्तीर्ण, पण ६० गुणांच्या श्रवणात किमान १९ आणि शब्द-व्याकरण-वाचनाच्या १२० मध्ये किमान ३८ हवेतच. म्हणजे व्याकरण कितीही पक्कं असलं तरी श्रवणात १८ गुण पडले की नापास. म्हणून रोजच्या पाऊण तासातली पहिली पंधरा मिनिटं ऐकण्याला दिली, मग पंधरा बोलण्याला आणि शेवटची पंधरा लिपीला.

लिपीसाठी हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं रोज पाच या हिशेबाने घेतली. उजळणीसह तीन आठवडे लागले, काताकाना या दुसऱ्या लिपीलाही तितकेच. काताकानातले शि आणि त्सु हमखास गोंधळात टाकतात. शिच्या छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक येतात आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सुच्या छोट्या रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली येते. परीक्षेत हाताने काहीच लिहायचं नसतं, नुसते गोल भरायचे. तरीही हा फरक हाताने लिहिल्याशिवाय डोळ्यांत बसत नाही. देवनागरीत उच्चार लिहायची सवय मार्चपर्यंत मोडली. ती राहिली तर वाचनाचा वेग वाढत नाही.

ऐकताना खरी अडचण शब्दांची नसते, लांबीची असते. चार तारीख म्हणजे योक्का, आठ तारीख म्हणजे योओका. पहिल्यात ‘क’आधी क्षणभर अडकायचं, दुसऱ्यात ‘ओ’ लांबवायचा. आपण पता आणि पत्ता सहज वेगळे ऐकतो, त्यामुळे अडकणं लगेच कळतं. लांब स्वर मात्र निसटतो. तसंच इचिजि म्हणजे एक वाजता आणि शिचिजि म्हणजे सात. सुरुवातीचा ‘श’ ऐकू आला नाही की उत्तर गेलं. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते. म्हणून सरावात आधी एकदाच ऐकून उत्तर लिहायचं, मग मजकूर उघडून चूक नेमकी कुठल्या आवाजावर झाली ते वहीत टिपायचं. आधीच मजकूर पाहिला तर आपण ऐकत नाही, वाचतो.

या परीक्षेत बोलण्याचा भाग नाही. मग त्याला पंधरा मिनिटं कशाला? श्रवणातल्या शेवटच्या प्रकारात पुस्तिकेत काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य आणि तीन उत्तरं कानावर पडतात. घरी आल्यावर म्हणायच्या ‘तादाइमा’ला ‘ओकाएरि नासाइ’ हे उत्तर तोंडात बसलेलं असेल तर विचार करावा लागत नाही. भाषांतर करत बसलं तर तिसरं उत्तर येईपर्यंत पहिलं विसरतं. म्हणून ध्वनिफितीच्या अर्धं वाक्य मागे राहून तेच मोठ्याने म्हणायचं, मनात नाही.

सप्टेंबरपासून रविवारी घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका: शब्द २० मिनिटं, व्याकरण-वाचन ४०, श्रवण साधारण ३०. वहीतल्या चुकांत तारखा आणि वेळाच जास्त निघाल्या, म्हणून नोव्हेंबरमधली ऐकण्याची पंधरा मिनिटं फक्त त्यांनाच दिली.