आमची वाटचाल: भाजणी, मेतकूट आणि आठवण्याची वेळ

आमचा धंदा भाजणी, मेतकूट आणि उपासाच्या भाजणीचा, आईने चालू केला, आता मी आणि बायको बघतो. विक्री आषाढी, श्रावण, नवरात्रात उसळायची आणि मग थंड. मार्केटिंगवाला भाचा म्हणाला, "मामा, तुझं नाव ऐकलंय का असं विचारू नकोस, हो कोणीही म्हणेल. प्रसंग सांग आणि कोणता ब्रँड आठवतो ते विचार."

अ‍ॅडलेडच्या एरनबर्ग-बास इन्स्टिट्यूटमधल्या बायरन शार्प आणि जेनी रोमानियुक यांनी हे मांडलंय. खरेदीच्या वेळी ब्रँड डोक्यात येण्याची शक्यता म्हणजे मेंटल अव्हेलेबिलिटी, आणि ज्या प्रसंगातून माणूस त्या वस्तूकडे वळतो तो कॅटेगरी एंट्री पॉइंट. कधी, कुठे, कोणासाठी, का, असं विचारत ते शोधायचे. आम्ही सहा काढले: उपास, सकाळची डब्याची घाई, शाळेतून आलेली भुकेली पोरं, अचानक टपकलेले पाहुणे, तापातून उठलेल्याला हलकं जेवण, हॉस्टेलवरच्या पोराला खाऊ.

मग 50 जणांना विचारलं, आणि आमचं कधीच न घेतलेले मुद्दाम धरले, कारण नेहमीची गिऱ्हाइकं आपलं नाव घेणारच, त्यातून काही कळत नाही. 20 जणांनी कुठेतरी एकदा तरी आमचं नाव घेतलं, म्हणजे 40 टक्के, हे बरंच बरं होतं. पण त्या 20 जणांकडून मिळून नाव आलं 24 वेळा, माणशी जेमतेम 1.2 प्रसंग, आणि बहुतेक उपासालाच. सगळ्या ब्रँडांची नावं मिळून आली 160 वेळा, त्यात आमचा वाटा 15 टक्के. म्हणजे दुखणं हे की ओळखणारे आहेत पण एकाच खुंटीला अडकवून ठेवलंय.

आता पुढची खुंटी कोणती? हॉस्टेल वर्षातून दोनदा. भुकेली पोरं रोजची, पण तिथे नूडल्स आणि बिस्किटं ठाण मांडून. ताप मात्र घरोघरी येतो, आणि तिथे लोक "मेतकूट भात" म्हणाले पण ब्रँड फारसा कोणी सांगितला नाही, जागा मोकळीच होती. म्हणून रील्स, दुकानातलं पोस्टर सगळीकडे मऊ भात, तूप, मेतकूट, आणि आमचं पिवळं पाकीट पहिल्याच क्षणाला, नाहीतर खर्च आपला आणि जाहिरात सगळ्यांच्याच मेतकुटाची (हे बरेच जण करतात बरं का). उपासाचं चालूच ठेवलं, ते सोडलं असतं तर आहे तेही गेलं असतं. आणि आठवलं तरी कोपऱ्यावर पाकीट नसेल तर काय उपयोग, म्हणून दवाखान्यांजवळच्या किराणा दुकानांत माल आधी भरला.

पावसाळ्यानंतर तेच प्रश्न दुसऱ्या 50 जणांना विचारले. तापाला आधी 2 जणांनी आमचं नाव घेतलं होतं, आता 9 जणांनी. एवढ्याशा पाहणीत दोन-तीनचा फरक असाच पडतो, पण हा त्याहून मोठा. डब्याची घाई मात्र जागच्या जागी, तिथे पोळीभाजीला कोण हलवणार.